गार पाण्याच्या घोटाने दातात सणक का जाते, आणि ती कशी थांबवावी

माठातले गार पाणी किंवा फ्रिजमधले सरबत तोंडाला लावताच एखाद्या दातातून सणकन कळ जाते, माणूस डोळे मिटून गाल दाबतो आणि घोट गिळून होईस्तोवर कळ नाहीशीही झालेली असते. दवाखान्यात येणारे लोक या दुखण्याचे वर्णन निरनिराळ्या शब्दांत करतात. कुणी म्हणते ‘दात शिवशिवतो’, कुणी म्हणते ‘दात आंबलाय’, तर कुणी ‘ठणका लागतो’ असे सांगते. दंतवैद्याच्या दृष्टीने या शब्दांमधला फरक फार उपयोगाचा आहे, कारण शिवशिव किंवा सणक हे एक दुखणे असते आणि ठणका हे बहुधा दुसरेच. या लेखात फक्त पहिल्या दुखण्याचा विचार केला आहे. हिरडी खाली सरकल्यामुळे किंवा वरचे इनॅमल झिजल्यामुळे आतले डेंटिन उघडे पडते, आणि गार, गोड, आंबट किंवा हवेचा झोत लागला की त्यातून क्षणभर तीव्र कळ येते. कीड, भेग किंवा निखळलेले सिमेंट असे दुसरे कोणतेही कारण सापडत नसेल, तरच या दुखण्याला डेंटिनची अतिसंवेदनशीलता म्हणतात.

दाताच्या आत काय घडते

दाताचा वरचा कठीण थर म्हणजे इनॅमल. त्यात मज्जातंतू नसतात, त्यामुळे शाबूत इनॅमलला बर्फ टेकवला तरी सहसा फारसे काही होत नाही. त्याखाली डेंटिन आणि अगदी मध्यभागी पल्प, म्हणजे दाताचा मगज असतो. रक्तवाहिन्या आणि मज्जातंतू या मगजात असतात. डेंटिन डोळ्यांना भरीव दिसते, पण सूक्ष्मदर्शकाखाली ते एखाद्या जाळीसारखे आहे. मगजापासून बाहेरपर्यंत जाणाऱ्या असंख्य सूक्ष्म नळ्या त्यात असतात. एका चौरस मिलिमीटरमध्ये बाहेरच्या बाजूला सुमारे 20,000 नळ्या असतात, तर मगजाजवळ ही संख्या त्याच्या दुपटीहून अधिक होते. नळीचा व्यास बाहेर साधारण एक मायक्रॉन किंवा त्याहून कमी आणि आत दोन-अडीच मायक्रॉन असतो. आपला केस सुमारे 70 मायक्रॉन जाड असतो, हे लक्षात घेतले की या नळ्या किती बारीक आहेत ते कळते. प्रत्येक नळीत पाण्यासारखा द्रव भरलेला असतो आणि तिच्या आतल्या टोकाशी मज्जातंतूची टोके येऊन थांबलेली असतात.

खरा पेच असा होता की डेंटिनच्या बाहेरच्या भागात मज्जातंतू पोहोचत नाहीत, तरीही तिथे नुसता स्पर्श झाला की कळ येते. शिवाय उघड्या डेंटिनवर बधिर करणारे औषध लावले तरी कळ थांबत नाही. ही कोंडी स्वीडनमधील मार्टिन ब्रॅनस्ट्रॉम यांनी 1960 च्या दशकातल्या प्रयोगांनी बऱ्याच अंशी फोडली. कोरडा शोषक कागद उघड्या डेंटिनवर ठेवला की कळ येते, हे त्यांनी दाखवले. कागदात औषध नव्हते आणि तो गारही नव्हता, तो फक्त नळ्यांतला द्रव ओढून घेत होता. यावरून असे मानले गेले की नळीतला द्रव हलणे हेच कळेचे कारण आहे. द्रव झपाट्याने सरकला की आतल्या टोकाशी असलेले मज्जातंतू खेचले जातात आणि ए-डेल्टा जातीचे वेगवान तंतू तो संदेश मेंदूकडे नेतात. तीव्र, नेमक्या जागी येणारी आणि चटकन संपणारी कळ ही याच तंतूंची खूण आहे.

गार पाणी बाधते, पण गरम चहा त्या मानाने कमी का, याचे उत्तर इथे मिळते. गार पाणी लागले की नळीच्या बाहेरच्या टोकाशी असलेला द्रव आकसतो आणि आतला द्रव बाहेरच्या दिशेला खेचला जातो. गरम लागल्यावर तो आत ढकलला जातो. मज्जातंतू बाहेर जाणाऱ्या प्रवाहाला अधिक जोराने प्रतिसाद देतात. गोड आणि आंबट-खारट पदार्थ परासरणाने द्रव बाहेर ओढतात, तर हवेचा झोत तो वाळवून बाहेर ओढतो. म्हणजे बासुंदी, आइस्क्रीम आणि पहाटेची गार हवा यांचे परिणाम दातापुरते एकाच दिशेचे असतात.

नळ्या उघड्या असल्या तरच हे सगळे घडते. ज्यांना त्रास होतो आणि ज्यांना होत नाही, अशा दातांच्या तुलनेत असे आढळले की दुखणाऱ्या डेंटिनवर उघड्या नळ्या अनेक पटींनी जास्त असतात आणि त्यांचा व्यासही सुमारे दुप्पट असतो. नळीतला प्रवाह व्यासाच्या चौथ्या घाताच्या प्रमाणात वाढतो, म्हणून व्यास दुप्पट झाला की प्रवाह 16 पट होतो. उलट बाजूने पाहिले तर नळीचे तोंड थोडेसे अरुंद केले तरी प्रवाह मोठ्या प्रमाणात घटतो. उपचारांचा पाया हाच आहे.

इथे एक पुरवणी जोडावी लागते. 2021 मध्ये सायन्स अॅडव्हान्सेस या नियतकालिकात आलेल्या संशोधनात असे दिसले की डेंटिन तयार करणाऱ्या पेशी स्वतःच थंडी ओळखतात, आणि त्यासाठी टीआरपीसी-५ हे प्रथिन त्या वापरतात. हे प्रयोग मुख्यतः उंदरांवर झाले, मात्र हे प्रथिन माणसाच्या दातांतही आढळले. लवंगेतील युजेनॉल या प्रथिनाचे काम रोखते, त्यामुळे आजीच्या लवंगेला निदान काही प्रमाणात शास्त्रीय आधार मिळाला असे म्हणता येईल. पण म्हणून लवंगेचे निखळ तेल हिरडीवर चोळू नये, कारण त्याने हिरडी भाजते. द्रवाच्या हालचालीची उपपत्ती या संशोधनाने बाद झालेली नाही, त्या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात.

पहिली पायरी: दुखणे खरोखर हेच आहे का ते पाहावे

घरच्या घरी चार प्रश्न विचारले की बरेच स्पष्ट होते. गार घोट गेल्यावर कळ किती वेळ टिकते? काही सेकंदांत संपत असेल तर शिवशिव मानावी. पण ती अर्ध्या मिनिटाच्या पुढे रेंगाळत असेल तर मगजाला सूज आली असण्याची शक्यता वाढते. काही खाल्ले-प्यायले नसताना आपोआप दुखते का? रात्री झोपेतून जाग येते का? गरम पदार्थाने दुखणे वाढते का? यांतल्या कोणत्याही प्रश्नाचे उत्तर ‘हो’ असेल, तर टूथपेस्ट बदलण्यात वेळ घालवू नये, दंतवैद्याकडे जावे. दाणे किंवा भाकरी चावताना, विशेषतः चावा सोडताना चिमटा बसल्यासारखे होत असेल तर दाताला भेग असू शकते. गालावर सूज किंवा हिरडीवर फोड असेल तर थांबण्याचा प्रश्नच नाही.

त्यानंतर दुखणारा दात शोधावा. पुष्कळांना वाटते की सगळे दात दुखतात, प्रत्यक्षात बहुधा दोन-तीनच दात दोषी असतात. बर्फाच्या पाण्यात बुडवलेली कापसाची काडी आरशात पाहत एकेका दाताच्या मुळाशी, हिरडीलगतच्या बाहेरच्या बाजूस एक सेकंद टेकवावी, आणि दुसऱ्या दाताकडे जाण्याआधी मिनिटभर थांबावे. मागून पुढे आलेले बरे, कारण सुळा आणि उपदाढा हे नेहमीचे संशयित असतात. कोणता दात, किती कळ (शून्य ते दहा) आणि किती सेकंद, हे वहीत लिहून ठेवावे. हा आकडा पुढे उपचाराचा परिणाम मोजायला लागतो. महिन्याभरानंतर ‘थोडे बरे वाटते’ असे म्हणणाऱ्या माणसाचा आकडा कधी तसाच असतो, तर ‘काही फरक नाही’ म्हणणाऱ्याचा निम्म्यावर आलेला असतो.

दवाखान्यात आम्ही हेच थोडे काटेकोरपणे करतो. शेजारचे दात कापसाने झाकून संशयित दातावर सुमारे एक सेंटिमीटर अंतरावरून एक सेकंद हवा सोडतो, टोकदार प्रोबने पृष्ठभाग हलकेच तपासतो, दात ठोकून आणि चावायला लावून पाहतो, आणि गरज असल्यास एक्स-रे काढतो. यात बरीचशी मेहनत इतर कारणे वगळण्यासाठी असते.

दुसरी पायरी: नळ्या कशाने उघडल्या ते शोधावे

ही पायरी बहुतेक जण गाळतात, आणि त्यामुळे महागड्या पेस्टचाही उपयोग होत नाही. डेंटिन उघडे पडण्यासाठी दोन गोष्टी लागतात. एक, इनॅमल झिजणे किंवा हिरडी सरकणे. आणि दुसरी, उघड्या डेंटिनवर नळ्यांची तोंडे झाकणारा जो पातळ थर नैसर्गिकरीत्या साचतो, तो आम्लाने धुऊन जाणे. पहिली गोष्ट वर्षानुवर्षे चालते, तर दुसरी पाच-दहा मिनिटांतही घडू शकते.

हिरडी सरकण्यामागे कडक ब्रश आणि आडवे-तिडवे जोरात घासणे हे नेहमीचे कारण असते. उजव्या हाताने घासणाऱ्यांत डाव्या बाजूचे सुळे व उपदाढा अधिक झिजलेल्या दिसतात, कारण तिथे हाताचा जोर जास्त लागतो. हिरड्यांचा आजार हेही महत्त्वाचे कारण आहे. आपल्याकडे मशेरी, राखुंडी, कोळशाची पूड किंवा खरखरीत मीठ यांनी दात घासण्याची सवय अजून आहे. मशेरीत तंबाखू असल्याने ती केवळ घासण्याचा प्रश्न नाही, हिरड्यांचे नुकसान वेगळे होते.

आम्लाबाबत बहुतेकांचा गैरसमज होतो. इनॅमल साधारण 5.5 या पीएचखाली विरघळू लागते, पण डेंटिन त्याहून आधीच, सहा ते साडेसहाच्या आसपास विरघळू लागते. लिंबाच्या रसाचा पीएच दोन ते अडीचच्या आसपास आणि कोलाचा अडीचच्या आसपास असतो. कैरीचे पन्हे, कोकम सरबत, चिंचेचे पाणी हे सगळे आम्लधर्मीच. एका वेळी पटकन प्यायलेला ग्लासभर सरबत लाळ सांभाळून घेते, पण तासभर घोट घोट घेत बसण्याने ते आम्ल दातावर वारंवार पोहोचते. आम्लाने पृष्ठभाग मऊ झालेला असताना लगेच ब्रश मारला तर तो मऊ थर निघून जातो. म्हणून आंबट घेतल्यानंतर साध्या पाण्याने चूळ भरावी आणि ब्रशसाठी अर्धा-एक तास थांबावे. त्याहून सोपे म्हणजे न्याहारीच्या आधीच दात घासून मोकळे व्हावे. सकाळी तोंडात आंबट पाणी येण्याची किंवा वारंवार उलटीची तक्रार असेल, तर दाताबरोबर पोटाचाही इलाज करावा लागतो. अलीकडे दात साफ करून घेतलेले असतील किंवा दात पांढरे करण्याचा उपचार झाला असेल, तर काही दिवसांची शिवशिव अपेक्षित असते आणि ती बहुधा आपोआप ओसरते.

तिसरी पायरी: योग्य पेस्ट, योग्य रीतीने

शिवशिवीसाठीच्या पेस्ट दोन तऱ्हांच्या असतात, आणि त्या कशाने काम करतात हे कळले की त्यांच्याकडून काय अपेक्षा ठेवावी तेही कळते. पहिल्या तऱ्हेत पोटॅशियम नायट्रेट (साधारण 5 टक्के) असते. पोटॅशियम नळ्यांतून आत जाऊन मज्जातंतूची संदेश पाठवण्याची क्षमता मंदावते, अशी कल्पना आहे. हा परिणाम हळूहळू साचतो, त्याला दोन ते चार आठवडे लागतात. खरे सांगायचे तर या पदार्थाबद्दलचा पुरावा जाहिराती भासवतात तितका भक्कम नाही. दुसऱ्या तऱ्हेच्या पेस्टमध्ये नळ्यांची तोंडे बुजवणारे पदार्थ असतात: 8 टक्के आर्जिनिन व कॅल्शियम कार्बोनेट, 0.454 टक्के स्टॅनस फ्लोराइड, कॅल्शियम सोडियम फॉस्फोसिलिकेट किंवा स्ट्रॉन्शियमचे क्षार. या पदार्थांचा थर दातावर साचतो आणि नळ्या अरुंद होतात. माझ्या मते आधी बुजवणारी पेस्ट वापरून पाहावी. आम्ल आणि घासणे चालूच राहिले तर हा थरही निघून जातो, हे मात्र विसरू नये. म्हणूनच दुसरी पायरी आधी येते.

वापरण्याची रीत अशी. मऊ ब्रशने दिवसातून दोनदा, प्रत्येकी दोन मिनिटे, ब्रश मुठीत न धरता पेनसारखा धरून हलक्या हाताने घासावे. पेनची पकड आपोआप जोर कमी करते. घासून झाल्यावर फेस थुंकून टाकावा, पण पाण्याने खळखळून चूळ भरू नये. भारतीय सवयीला हे खटकते, पण भरपूर पाण्याने औषध धुऊन टाकले तर ते कामच करणार नाही. पुढे दुखणाऱ्या जागी बोटाच्या टोकाने थोडी पेस्ट एक मिनिट चोळावी. आर्जिनिनच्या पेस्टचा यामुळे काही वेळा लगेच आराम मिळतो. किमान चार, शक्यतो आठ आठवडे हे सातत्याने करावे आणि दर आठवड्याला वहीतला आकडा लिहावा. आराम मिळाल्यावर पेस्ट अचानक सोडली की काही आठवड्यांत त्रास परत येतो, कारण मुळात नळ्या तशाच उघड्या असतात.

एक उदाहरण तपशिलात

माझ्याकडे चाळिशीच्या आसपासचे एक गृहस्थ आले. वरच्या डाव्या सुळ्यात आणि त्यामागच्या उपदाढेत गार पाण्याने सणक जात होती, तीन महिन्यांपासून. काही सेकंद टिकणारी, रात्री मुळीच नाही, चहाने नाही. काडीने तपासले तेव्हा सुळ्याला दहापैकी सात आणि उपदाढेला आठ असे आकडे आले. हिरडी सुळ्याजवळ सुमारे दोन मिलिमीटर खाली सरकली होती, आणि उपदाढेच्या मुळाशी पाचरीसारखी खाच पडली होती. एक्स-रेमध्ये कीड नव्हती, चावल्यावर दुखत नव्हते. बोलताबोलता कळले की वजन उतरवण्यासाठी ते चार-पाच महिन्यांपासून उपाशीपोटी गरम पाण्यात लिंबू पिळून घेत होते, आणि लगेच कडक ब्रशने दात घासत होते. ‘पोटासाठी चांगले ते दाताला वाईट कसे?’ असे त्यांनी मला विचारले. उत्तर लिंबात कमी आणि त्या क्रमात जास्त होते.

बदल सोपा होता. उठल्यावर आधी मऊ ब्रश, त्यानंतर लिंबूपाणी एका दमात, लगेच साध्या पाण्याची चूळ. पेस्ट स्टॅनस फ्लोराइडची. चार आठवड्यांनी सुळ्याचा आकडा सातवरून चारवर आला होता, पण उपदाढेचा आठवरून सातवरच होता. मी घासून दाखवायला सांगितले, तेव्हा दोन चुका दिसल्या. ते नंतर तीन-चार चुळा खळखळून भरत होते, आणि दात पांढरे व्हावेत म्हणून मध्येच कोळशाची पूडही वापरू लागले होते. ती थांबवली. सुळ्यावर फ्लोराइड वार्निश लावले. त्यात 5 टक्के सोडियम फ्लोराइड असते आणि ते काही तास दातावर चिकटून राहते, म्हणून त्या दिवशी कडक व गरम पदार्थ टाळायला सांगितले. उपदाढेच्या खाचेत ग्लास आयोनोमर सिमेंट भरले, कारण तिथे खोलवर डेंटिन गेलेले असताना नुसती पेस्ट पुरेशी पडत नाही. आठव्या आठवड्यात सुळ्याला दोन, उपदाढेला एक.

पुढच्या पायऱ्या

पेस्टने आठ आठवड्यांत काही फरक पडला नाही, तर दंतवैद्य आधी निदानच पुन्हा तपासतो, कारण अनेकदा आधी न दिसलेली भेग किंवा सुटलेले जुने सिमेंट मागाहून सापडते. नंतर वार्निश, नळ्या बुजवणारे इतर लेप किंवा बाँडिंग एजंट वापरले जातात, आणि खाच असेल तर ती भरली जाते. वार्निश कायमचे नसते, ते काही महिन्यांनी पुन्हा लावावे लागू शकते. लेझरचे उपचारही उपलब्ध आहेत, पण त्यांचे निष्कर्ष एकसारखे नाहीत आणि खर्च जास्त असतो. हिरडी खूप खाली गेली असेल आणि आजार आटोक्यात असेल, तर टाळूतून घेतलेल्या पेशींचा तुकडा लावून मूळ झाकण्याची शस्त्रक्रिया करतात. केवळ शिवशिवीसाठी रूट कॅनल हा शेवटचा मार्ग आहे. त्याने कळ थांबते, पण त्यासाठी जिवंत दाताचा मगज काढावा लागतो. पहिल्याच भेटीत कुणी तो सुचवला, आणि मगजाला सूज असल्याची चिन्हे दाखवून दिली नाहीत, तर दुसऱ्या दंतवैद्याचे मत घ्यावे.

त्या गृहस्थांचा पुढचा उन्हाळा बरा गेला, पण मेमध्ये घरी कोकम सरबत सुरू झाले आणि पेस्ट बदलली गेली, तेव्हा सुळ्याचा आकडा पुन्हा चारवर आला. जुनी पेस्ट परत आणली, सरबतानंतरची चूळ सुरू झाली, आणि तीन आठवड्यांनी वहीत दोन लिहिलेले होते.